मरीन प्लाय आणि पाणी

“मरीन प्लाय वॉटरप्रूफ असतं, मग जळगावच्या फ्लॅटमध्ये घरभर तेच लावू का?”

नको, भाऊ. आयएस ७१० शिक्क्याचं मरीन ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, पण ती परीक्षा थरांमधल्या फिनॉलिक गोंदाची. लाकूड पाणी पितंच, आणि सर्वात जास्त कापलेल्या कडेतून. सिंकखाली पाइपासाठी पाडलेलं भोक उघडं राहिलं, तर महागडं मरीनही तिथूनच फुगतं. ते आतून सील करून घ्या. मिस्त्री बहुतेकदा विसरतात.

बाथरूमच्या कपाटाला मरीन घ्या. किचनला मरीनच्या एक पायरी खालचं, बीडब्ल्यूआर प्लाय पुरतं. बेडरूमच्या वॉर्डरोबला, भिंतीत ओल नसेल तर, साधं कमर्शियल चालतं. त्यातला युरिया गोंद सततच्या ओलीत सुटतो, खान्देशच्या कोरड्या उन्हाळ्यात नव्हे.