केस ओढून का निघत नाही, कापावाच का लागतो

व्हॅक्यूम क्लीनरच्या गोल ब्रशला केस गुंडाळला की सगळे आधी एकच करतात, एक टोक धरतात आणि ओढतात. केस तुटतो, वेढे तिथेच राहतात. यामागे साधं घर्षण आहे. दांड्याभोवती दोरी गुंडाळली की प्रत्येक वेढ्याला पकड काही पटींनी वाढते, म्हणून तर खांबाला दोनतीन वेढे घातले की एकटा माणूस होडी धरून ठेवतो. केसासाठी घर्षणाचा आकडा ०.३ धरला तर एका वेढ्याला पकड जवळजवळ साडेसहा पट, दोनला ४३ पट, तिसऱ्याला २८० च्या वर. म्हणजे आतलं टोक फक्त १ ग्रॅमने अडकलेलं असलं तरी तीन वेढ्यांनंतर केस सरकवायला २८० ग्रॅमचा जोर हवा, आणि एक केस साधारण १०० ग्रॅमलाच तुटतो. मग तो सुटणार कसा?

आता ६० सेंटीमीटरचा केस घ्या. ४ सेंटीमीटर व्यासाच्या ब्रशवर त्याचे जेमतेम पाच वेढे होतात, पण टोकाला टोपीखाली ८ मिलिमीटरचा दांडा असतो, तिथे तोच केस चोवीस वेढे घेतो. शिवाय दांडा बारीक, त्यामुळे तेवढ्याच ताणात दाबही जास्त. खरा त्रास तिथे आहे, आणि वरून ब्रश स्वच्छ दिसतो!

आमच्याकडे हेच झालं. ब्रश हवेत फिरायचा, गालिच्यावर टेकवला की थांबायचा, आणि जळक्या रबराचा वास. मोटरवरून ब्रश फिरवणारा पट्टा घसरत होता. टोपीला हात लावला तर गरम. असल्या टोप्या बऱ्याचदा एबीएस प्लास्टिकच्या असतात, ते १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, केसांबरोबर गुंडाळला जाणारा शिलाईचा पॉलिस्टर दोरा मात्र अडीचशेपर्यंत वितळत नाही, म्हणजे टोपी जाते पण दोरा शाबूत.

आधी प्लग काढायचा, बॅटरीवालं असेल तर बॅटरी. ब्रश बाहेर काढून केसांच्या आडवं, म्हणजे ब्रशच्या लांबीत, ब्रिसलच्या दोन ओळींमधल्या खाचेतून एक काप द्यायचा. एकाच कापात सगळे वेढे सुटतात. ब्लेडपेक्षा शिवण उसवायचं हत्यार बरं, त्याच्या एका टोकाला गोळी असते, ती खाली ठेवली की टोक प्लास्टिकमध्ये रुतत नाही. पट्टा बसतो त्या खाचेत मात्र जपून, तिथे चरा पडला तर पट्टा झिजतो.

मग टोप्या. काही ओढून निघतात, काहींना स्क्रू असतो, निघत नसेल तर जोर लावू नका, फटीतूनच कापा. आमच्या टोपीखाली केसांची चक्क वॉशरसारखी घट्ट चकती निघाली, दोन ठिकाणी कापली आणि चिमट्याने सोलली. शेवटी टोपी बोटाने फिरवली, आधी अर्धा फेराही होत नव्हता, आता आपोआप दोनतीन फिरते. तेल घालायचा मोह होतो, पण घालू नका, त्याला धूळ चिकटते. आणि भोक अंडाकृती झालं असेल, टोपी डुगडुगत असेल तर साफ करून उपयोग नाही, टोपीच बदला.