'आय सीन' दुरुस्त करताना 'सॉ' लावायचं का 'हॅव सीन'?

आमच्याकडे पांढरकवड्याच्या बाजूला टिपेश्वरचं जंगल जवळ आहे त्यामुळे निबंधात वाघ येतोच. दहावीतल्या एका पोरीने मागच्या आठवड्यात वहीत लिहून आणलं होतं, 'लास्ट संडे आय सीन अ टायगर निअर अवर फील्ड. माय अंकल डोन्ट बिलीव्ह मी. ही सेड ही सीन मेनी टायगर्स बट नेव्हर इन द कॉटन. वी वॉज व्हेरी स्केअर्ड.' मी लाल पेन घेतला तर ती म्हणे, "सर, पिच्चरमधी तं 'आय सीन'च म्हणतेत, मंग माहं चुकलं काऊन?"

प्रश्न बरोबर आहे तिचा. अमेरिका, इंग्लंड, आयर्लंडमधे पुष्कळ लोक बोलताना 'आय सीन', 'ही डोन्ट', 'वी वॉज' म्हणतात, ती त्यांची घरची बोली आहे, जसं आपण 'जाऊन राहिलो' म्हणतो. त्यात अडाणीपणा काही नाही, पण पेपरात न् अर्जात लिहायची इंग्रजी वेगळी, तिथं हे मार्क खाते. अजून एक, 'आय हॅव सीन' पटकन बोललं की 'आय'व्ह सीन' होते न् तो 'व्ह' कानाला लागतच नाही, म्हणून ऐकून लिहिणाऱ्या पोराला तिथंही 'आय सीन'च ऐकू येते.

आता खरी गोची इथं आहे. 'आय सीन'ची दुरुस्ती एक नाही, दोन आहेत, आणि बरेच जण डोळे झाकून 'हॅव' घुसवून देतात. 'सी'ची तीन रूपं, सी, सॉ, सीन. यातलं 'सॉ' एकटं उभं राहते, 'सीन'ला मात्र असल्या वाक्यात मागे 'हॅव', 'हॅज' नाहीतर 'हॅड'चा टेकू लागतेच.

कोणतं कधी, हे मराठीतून लवकर समजते. 'मी वाघ पाहिला' म्हणजे 'सॉ', घडलं न् संपलं. 'मी वाघ पाहिला आहे' म्हणजे 'हॅव सीन', कधी ते महत्त्वाचं नाही, आजपर्यंत तो अनुभव माझ्याकडे जमा आहे एवढंच. पण इथं मराठी एक जागी दगा देते. आपण 'मी काल त्याले पाहिलं आहे' असं बिनधास्त म्हणतो, इंग्रजीत 'यस्टर्डे'सोबत 'हॅव सीन' चालतच नाही. म्हणून आधी वाक्यात वेळ शोधायची. यस्टर्डे, लास्ट संडे, टू डेज अगो असं संपलेल्या वेळेचं काही दिसलं की 'सॉ'. एव्हर, मेनी टाइम्स असं असलं आणि वेळ संपलेली नसली तर बहुतेक 'हॅव सीन'.

त्या पोरीच्या पहिल्या वाक्यात 'लास्ट संडे' आहे म्हणून 'आय सॉ'. तिसऱ्यात काका त्या रविवारी बोलले आणि त्यांनी वाघ पाहिले ते त्याच्याही आधी, म्हणून तिथं 'ही हॅड सीन'. एकाच वहीत एकच चूक आणि दुरुस्त्या दोन वेगळ्या!

दुरुस्त करता करता पोरं उलटीकडेही घसरतात. 'सॉ' बरोबर आहे असं एकदा डोक्यात बसलं की 'आय हॅव सॉ' लिहितात, ते 'आय सीन'इतकंच चूक आहे, आणि 'आय डिडन्ट सॉ' पण, कारण भूतकाळ 'डिड'नेच घेतला, मागे साधं 'सी'च उरते. डू-डिड-डन, गो-वेन्ट-गॉन यांचंही असंच, 'आय डन' दिसलं की 'आय डिड' का 'आय हॅव डन' हाच प्रश्न विचारायचा. 'वर्क'सारख्या क्रियापदात ही चूक दिसतच नाही कारण दोन्ही जागी 'वर्क्ड'च असते.

'ही डोन्ट' सोपं वाटते, ही-शी-इट आले की 'डझन्ट' आणि पुढचा 'एस' काढायचा, 'ही डझन्ट गो', 'गोज' नाही. पण आपल्या वहीत 'माय अंकल डोन्ट बिलीव्ह'चं 'डझन्ट' केलं असतं तर काका आजही विश्वास ठेवत नाहीत असा अर्थ झाला असता. गोष्ट त्या रविवारची आहे, म्हणून 'डिडन्ट बिलीव्ह'. मी तिले मुद्दाम विचारलं, काका अजूनही मानत नाहीत का? म्हणे, "मानलं ना सर, दुसऱ्या दिवशी पऱ्हाटीत पंजे दिसले त्यायले."

'वी वॉज'ले विचार करायचं कामच नाही, वी-यू-दे आले की 'वर', बस.

मग वहीत असं झालं: 'लास्ट संडे आय सॉ अ टायगर निअर अवर फील्ड. माय अंकल डिडन्ट बिलीव्ह मी. ही सेड ही हॅड सीन मेनी टायगर्स बट नेव्हर इन द कॉटन. वी वर व्हेरी स्केअर्ड.' आणि पंज्यांचं वाक्य तिनं स्वतःच खाली जोडलं, 'द नेक्स्ट डे ही सॉ द पगमार्क्स.' 'हॅज' लावायला पेन उचलला होता तिनं, 'नेक्स्ट डे'वर बोट ठेवलं न् खाली ठेवला.