लेमा म्हणजे छोटं थिअरम नव्हे

परवा संध्याकाळी रंकाळ्यावर फिरताना पुतण्यानं विचारलं, बीएससी फर्स्ट इयरला आहे तो, म्हणाला, "काका, पुस्तकात एकाला लेमा म्हणत्यात आणि दुसऱ्याला थिअरम, प्रूफ तर दोन्हीला हाय, मग फरक काय ओ?"

पुराव्याच्या बाबतीत फरक शून्य. लेमा थिअरमइतकाच पक्का सिद्ध झालेला असतो, फक्त त्याला आणलेलं असतं पुढच्या कुठल्यातरी प्रमेयाच्या कामासाठी. मला वाटतं हे व्याख्या देऊन कळत नाही, काम बघितलं की कळतं. म्हणून तिथंच कट्ट्यावर बसून त्याला युक्लिडचा लेमा सांगितला: मूळ संख्या जर दोन संख्यांच्या गुणाकाराला भागत असेल, तर ती त्या दोघांपैकी निदान एकीला भागतेच. मूळ नसेल तर हे चालत नाही, बघा ना, 6 नं 4 × 9 म्हणजे 36 ला भाग जातो पण 4 ला जात नाही आणि 9 लाही जात नाही.

आता थिअरम काय म्हणतं, तर 1 पेक्षा मोठ्या कुठल्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, क्रम इकडंतिकडं झाला तरी. 1001 घ्या, 7 × 11 × 13. समजा कुणी म्हणालं की माझ्याकडं वेगळेच मूळ अवयव आहेत ज्यांचा गुणाकार 1001 येतो, तर 7 त्या गुणाकाराला भागतो, म्हणून लेमानुसार 7 त्यातल्या एकाला तरी भागणार, आणि तो अवयव स्वतःच मूळ आहे म्हणजे तो 7 च. दोन्हीकडचा 7 उडवायचा, राहिले 143, मग 11 ला घेऊन परत तेच. संपलं प्रूफ! सगळा भार त्या एका लेमावर.

लेमा काढून घेतला तर काय होतं तेही बघा. फक्त सम संख्यांचं जग धरा. तिथं 2, 6, 18 हे मूळ, कारण दोन सम संख्यांच्या गुणाकारातून ते येतच नाहीत. पण 36 = 6 × 6 आणि 36 = 2 × 18, दोन वेगळ्या प्रकारे! का, तर 6 हा 2 × 18 ला भागतो, पण 2 ला भागत नाही, आणि 18 ला भागायला 3 लागतो जो त्या जगात नाहीच. म्हणजे लेमा पडला आणि त्याच जागी थिअरमपण पडलं.

गंमत म्हणजे युक्लिडच्या ग्रंथात हे सातव्या भागातलं 30 वं विधान आहे, इतर विधानांसारखंच नंबर दिलेलं, लेमा हे नाव त्याला मागाहून चिकटलं. आणि एकमेव अवयवांचं थिअरम स्पष्ट मांडून सिद्ध केलं गाउसनं, 1801 मध्ये.

पुतण्या घरी जाऊन पुस्तकात त्या थिअरमच्या प्रूफमध्ये लेमा नेमका कुठल्या ओळीत वापरलाय ते शोधून पेन्सिलनं खूण करून आला, तिसऱ्या ओळीत होता.