मोबाइलमध्ये सरळ दिसणारा फोटो कापल्यावर आडवा का होतो?

तुम्ही पाठवलेला फोटो मोबाइलवर अगदी सरळ दिसतो. मात्र ऑर्डर देताना तो कापला की चेहरा आडवा येतो, नाहीतर चेहऱ्याऐवजी खांदाच येतो. फोटो खराब नसतो. कारण फाइलमध्येच दडलेलं असतं.

मोबाइलचा सेन्सर आत आडवा बसवलेला असतो. फोन उभा धरला तरी बहुतेक फोन चित्र आडवंच साठवतात आणि फाइलच्या एक्झिफ नोंदीत दिशेचा आकडा लिहून ठेवतात. १ म्हणजे आहे तसं दाखवा, ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, ८ म्हणजे उलट दिशेने पाव फेरा, ३ म्हणजे अर्धा फेरा. गॅलरी हा आकडा वाचते आणि चित्र फिरवून दाखवते.

आता एक उदाहरण बघू. फाइलमध्ये चित्र ४००० रुंद, ३००० उंच आहे आणि आकडा ६ आहे. स्क्रीनवर ते ३००० रुंद, ४००० उंच दिसतं. तुम्ही चेहऱ्याभोवती चौकोन आखता: डावीकडून ९००, वरून ४००, बाजू १२००. कापणाऱ्या प्रोग्रामने दिशेचा आकडा वाचलाच नाही, तर तो हीच मापं न फिरवलेल्या चित्रावर लावतो. तिथे डोकं डाव्या कडेला असतं. त्यामुळे तुमच्या चौकोनापेक्षा ५०० पिक्सेल उजवीकडचा आणि ५०० पिक्सेल वरचा भाग कापला जातो, आणि तोही आडवा. आकडा ३ असेल तर लांबी-रुंदी बदलत नाही, त्यामुळे चूक मापांवरून कळत नाही. फोटो उलटा आल्यावरच लक्षात येतं.

याच्या उलटही घडतं. प्रोग्राम चित्र नीट फिरवतो, पण जुना ६ तसाच ठेवतो. मग पुढचा प्रोग्राम ते पुन्हा फिरवतो. म्हणून आम्ही फोटो आला की आधी चित्र खरोखर फिरवतो, आकडा १ करतो आणि मगच कापतो. हा क्रम मोडून चालत नाही.

तुमच्याकडून एवढंच हवं: शक्यतो मूळ फाइल पाठवा आणि कापल्यानंतरची झलक बघूनच ऑर्डर पक्की करा. स्वतः कापून पाठवणार असाल, तर सेव्ह केलेली फाइल दुसऱ्या एखाद्या ॲपमध्ये किंवा संगणकावर उघडून बघा. एकीकडे सरळ आणि दुसरीकडे आडवी दिसली, तर घोळ दिशेच्या आकड्याचाच आहे.

एका ठिकाणी मात्र आमचाही इलाज चालत नाही. टेबलावर ठेवलेल्या जुन्या फोटोचा किंवा कागदाचा फोटो वरून काढताना फोन आडवा सपाट असतो. फोनला दिशा कळते ती गुरुत्वाकर्षणावरून, आणि सपाट धरल्यावर कुठली कड खाली आहे हे त्याला ठरवता येत नाही. तेव्हा आकडाच चुकीचा लिहिला जाऊ शकतो, आणि तो चुकीचा आहे हे फाइलवरून कळत नाही. असा फोटो गॅलरीत सरळ करून सेव्ह करा आणि मग पाठवा, किंवा वरची बाजू कोणती ते ऑर्डरसोबत एका ओळीत लिहा.