तीन दिवसांचे जिम आणि पायांचा दिवस

आठवड्यातून तीनच दिवस जिमला जाणारे बहुतेक जण शरीराची वाटणी स्नायूंच्या जोड्यांनुसार करतात: सोमवारी छाती आणि ट्रायसेप्स, बुधवारी पाठ आणि बायसेप्स, शुक्रवारी पाय आणि खांदे. ही वाटणी पाठ करायला सोपी आहे, पण तिच्यात प्रत्येक मोठ्या स्नायूची पाळी सात दिवसांनी एकदाच येते. तेवढ्याच तीन दिवसांत एक दिवस लोअर बॉडी, एक दिवस अपर बॉडी आणि एक दिवस फुल बॉडी अशी मांडणी केली, तर प्रत्येक स्नायूला आठवड्यातून दोनदा काम मिळते. या मांडणीत दिवसांचा क्रम कसा लावावा आणि फुल बॉडीच्या दिवशी नेमके काय करावे, हे दोन प्रश्न निर्णायक असतात आणि नेमके तेच घाईघाईत सोडवले जातात.

व्यायामानंतर स्नायूत काय घडते हे आधी पाहू. वजन उचलल्यानंतर स्नायू नवी प्रथिने बांधण्याचा वेग वाढवतो. कॅनडातील मॅकडूगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात सहा तरुणांनी एकाच हाताने बायसेप्सचा जड व्यायाम केला आणि दुसरा हात तुलनेसाठी तसाच ठेवला. व्यायाम केलेल्या हातात हा वेग चार तासांनी सुमारे दीडपट, तर चोवीस तासांनी दुपटीहून थोडा अधिक झालेला आढळला. छत्तीस तासांनी तो जवळजवळ मूळ पातळीवर आला होता. सहा माणसांवरून अंतिम नियम काढता येत नाही आणि नवख्या माणसात हा काळ अधिक लांबतो, तरीही सोमवारच्या व्यायामाने सुरू झालेली बांधणी पुढच्या सोमवारपर्यंत टिकत नाही, एवढे यावरून समजते.

आठवड्यातून दोनदा व्यायाम दिल्यास स्नायूची वाढ एकदापेक्षा चांगली होते, असा निष्कर्ष ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून काढला. त्यांच्याच गटाने २०१९ मध्ये अधिक अभ्यास पाहिले, तेव्हा मात्र आठवड्याचे एकूण सेट सारखे असतील तर दिवसांच्या संख्येने फारसा फरक पडत नाही असे दिसले. या दोन निष्कर्षांत वाटतो तेवढा विरोध नाही. मांड्यांसाठी आठवड्यात दहा सेट करायचे आहेत असे धरू. ते एकाच दिवशी केले, तर सहाव्या-सातव्या सेटनंतर वजन कमी करावे लागते, रेप घटतात आणि ठरवलेले काम कागदावरच राहते. तेच सेट दोन दिवसांत विभागले, तर प्रत्येक सेट खऱ्या ताकदीने होतो. दोन दिवसांच्या विभागणीचा खरा लाभ मला इथेच दिसतो.

आता क्रमाकडे वळू. सामान्यतः सोमवारी अपर, बुधवारी लोअर आणि शुक्रवारी फुल बॉडी असा क्रम सांगितला जातो. त्यात हात, छाती आणि पाठ यांना चार आणि तीन दिवसांचे अंतर मिळते, पण पायांना बुधवारनंतर दोनच दिवसांनी पुन्हा काम करावे लागते आणि मग थेट पाच दिवसांची विश्रांती मिळते. जड स्क्वॉटनंतर मांड्यांचे दुखणे एक ते तीन दिवसांच्या दरम्यान सर्वाधिक असते, म्हणजे शुक्रवार नेमका त्या दुखण्यात सापडतो. सोमवारी लोअर आणि बुधवारी अपर घेतले, की चार आणि तीन दिवसांचे अंतर पायांच्या वाट्याला येते, आणि दोन दिवसांचे तोकडे अंतर छाती-पाठीकडे जाते. तिथे उचललेले वजन तुलनेने कमी असल्यामुळे ते अंतर सहसा पचते. म्हणून मी पायांचा दिवस पहिला ठेवण्याच्या बाजूने आहे.

एक प्रत्यक्ष आठवडा मांडून पाहू. समजा, वर्षभर नियमित व्यायाम केलेली, ६० किलोने स्क्वॉट करणारी एक व्यक्ती आहे. सोमवारी तिने वॉर्मअपनंतर स्क्वॉटचे चार सेट करावेत, सहा ते आठ रेपचे आणि प्रत्येक सेटनंतर दोन-तीन मिनिटे थांबून; मग रोमेनियन डेडलिफ्टचे तीन सेट, लंजेसचे तीन आणि पोटऱ्यांसाठी दोन. बुधवारी बेंच प्रेसचे चार सेट, लॅट पुलडाउनचे तीन, डंबेल रोचे तीन, खांद्यांच्या प्रेसचे दोन आणि शेवटी बायसेप्स-ट्रायसेप्सचे दोन-दोन. शुक्रवारी लेग प्रेसचे तीन, लेग कर्लचे तीन, तिरक्या बाकावरच्या डंबेल प्रेसचे तीन, बसून केबल रोचे तीन आणि खांद्यांसाठी लॅटरल रेजचे दोन सेट. या हिशेबाने आठवड्यात मांडीच्या पुढच्या भागाला दहा, मागच्या भागाला सहा, छातीला सात आणि पाठीला नऊ सेट मिळतात. आणखी दोन रेप निघाल्या असत्या, अशा टप्प्यावर प्रत्येक सेट थांबवावा.

शुक्रवारी स्क्वॉट आणि डेडलिफ्ट नाहीत, हे मुद्दाम केलेले आहे. बुधवारच्या डंबेल रोमध्ये वाकून उभे राहताना कंबरेने भार धरलेला असतो, आणि सोमवारी पुन्हा स्क्वॉट करायचा असतो. लेग प्रेस आणि लेग कर्लमध्ये पाय पूर्ण काम करतात, पण पाठीला यंत्राचा आधार असल्याने कंबर वाचते. अनेक जण फुल बॉडी म्हणजे लोअर आणि अपर या दोन्ही दिवसांची बेरीज असे समजून त्या दिवशी पंचवीस-तीस सेट रचतात. मग सत्र दोन तासांचे होते, आणि यादीत शेवटी असलेला व्यायाम, बहुधा पाठीचा, दर आठवड्याला थकलेल्या अंगाने उरकला जातो. वरचे चौदा सेट वॉर्मअपसह साधारण तासाभरात होतात. एका शुक्रवारी पायांपासून आणि पुढच्या शुक्रवारी छाती-पाठीपासून सुरुवात केली, तर थकव्याचा भारही वाटला जातो.

मांडणी जमते आहे की नाही, हे वहीत कळते. प्रत्येक सेटचे वजन आणि रेप लिहून ठेवावेत, आणि सोमवारची तुलना आधीच्या सोमवारशीच करावी. समजा ६० किलोच्या स्क्वॉटचे सेट ८, ८, ७, ७ रेपचे होते आणि पुढच्या दोन सोमवारी, झोप व जेवण नेहमीसारखे असूनही, ते ७, ६, ६, ५ वर आले, तर शुक्रवारचा एक लेग प्रेस सेट कमी करून पाहावा. उलट रेप वाढत वाढत चारही सेट आठ-आठ रेपचे झाले, तर अडीच किलो चढवावेत. निव्वळ अंग दुखणे हा निकष धरू नये. नवीन व्यायाम सुरू केला की दुखते आणि सवय झाली की प्रगती चालू असतानाही दुखत नाही. सांध्यातली टोचरी वेदना मात्र वेगळी. ती असताना तो व्यायाम थांबवावा.

पहिले दोन-तीन महिने जिमला जाणाऱ्याने ही वाटणी न करता तिन्ही दिवस हलका फुल बॉडी व्यायाम करावा, कारण त्याला स्क्वॉट आणि बेंच प्रेसच्या हालचाली वारंवार करून शिकायच्या असतात. आणि शुक्रवार चुकला तर पुढच्या सोमवारी यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याचा मोह टाळावा. त्या सोमवारी राहिलेला फुल बॉडी व्यायाम घ्यावा, बुधवारी लोअर, शुक्रवारी अपर, आणि तिथून क्रम तसाच पुढे चालू ठेवावा. या क्रमात पायांना सोमवारनंतर दोनच दिवसांचे अंतर मिळते, म्हणून बुधवारी स्क्वॉटचे चारऐवजी तीन सेट पुरेत.