सिव्हिलला बिलच नाही, मग मेडिक्लेमचे काय?

“सांगलीच्या सिव्हिलमध्ये वडील चार दिवस ॲडमिट होते. बिल जवळजवळ शून्य. सगळे म्हणतात, सरकारी दवाखान्यात पॉलिसी चालतच नाही. खरं का?”

नाही. साधा मेडिक्लेम प्रत्यक्ष झालेला खर्च भरून देतो, दवाखाना सरकारी असला तरी. समजा, बाहेरून आणलेली औषधे आणि तपासण्या मिळून १,८४० रुपये झाले, तर दावा तेवढ्याचाच. डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णाच्या नावाची पक्की पावती मात्र हवी. खर्च शून्य असेल तर या पॉलिसीतून भरून देण्यासारखे काही उरत नाही, आणि गैरसमजाचे मूळ बहुधा इथेच आहे.

‘हॉस्पिटल कॅश’ वेगळी. ती बिलाकडे बघत नाही, दिवस मोजते. रोज १,००० रुपयांची असेल आणि पहिले २४ तास वगळण्याची अट असेल, तर पूर्ण चार दिवसांचे ३,००० मिळतात. दावा अडतो तो कागदांवर: डिस्चार्ज कार्डावर शिक्का नसतो किंवा दाखल झाल्याची वेळ लिहिलेली नसते. घरी निघण्यापूर्वीच वॉर्डात ते नीट करून घ्या; नंतर खेपा पडतात.

१,८४० रुपयांसाठी दावा करण्याआधी नो-क्लेम बोनस जरूर बघा. पाच लाखांच्या विम्यावरचा १० टक्के बोनस गेला, तर संरक्षण ५० हजारांनी घटते.