आरओची एएमसी: साधी, नियमित की संपूर्ण?

नमस्कार. घरच्या वॉटर प्युरिफायरसाठी आम्ही तीन प्रकारची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, देतो. साधी ९०० रुपये, नियमित २,४०० आणि संपूर्ण ४,८०० रुपये. तीन दर समोर ठेवले की बहुतेक लोक मधला उचलतात, हे आम्हालाही माहीत आहे. तरी तुमच्या घराला कोणता परवडतो, ते हिशेब बघून ठरवा.

साध्या एएमसीत वर्षातून दोनदा आमचा माणूस येतो, टाकी आणि जार धुतो, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण म्हणजे टीडीएस मोजतो. जो पार्ट बदलावा लागेल त्याचे पैसे वेगळे. मधे बोलावलेत तर दर फेरीला ३०० रुपये. नियमितमध्ये दर चार महिन्यांनी एक फेरी, बाहेरच्या जारमधली कॅन्डल प्रत्येक फेरीत, सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर वर्षातून एकदा, आणि मधल्या तक्रारींच्या फेऱ्या हे सगळे दरातच येते. मेम्ब्रेन, पंप, अडॅप्टर यांचे पैसे मात्र वेगळे. संपूर्ण एएमसीत तेही आमच्याकडे.

आता एक घर धरू. चार माणसे, सोसायटीत एरवी पालिकेचे पाणी, उन्हाळ्यात टँकर, टीडीएस साधारण ४५०. टँकरच्या गाळामुळे कॅन्डल वर्षात तीनदा बदलावी लागते. १५० रुपयांप्रमाणे ४५० झाले. फिल्टरचा जोड ९००, मधल्या दोन फेऱ्यांचे ६००. साध्या एएमसीचे ९०० धरून एकूण २,८५० रुपये. नियमित यापेक्षा ४५० रुपयांनी स्वस्त पडते. मग संपूर्ण का नको? अशा पाण्यात १,८०० रुपयांचे मेम्ब्रेन दोनेक वर्षे टिकते, म्हणजे वर्षाला ९००. पंप क्वचितच जातो, त्याचे वर्षाला ३०० धरा. नियमितचे २,४०० धरून सगळे मिळून ३,६०० होतात. वरचे १,२०० रुपये नुसत्या निश्चिंतीचे.

बोअरवेलच्या पाण्याचे गणित वेगळे. टीडीएस हजाराच्या पुढे असेल तर मेम्ब्रेन वर्षभरात बसते, पंपावरही ताण येतो. तिथे संपूर्ण घ्या. ती मधल्या दराला स्वस्त दाखवण्यासाठी ठेवलेली नाही, बोअरवेलच्या घरांसाठीच आहे. उलट, पुण्यात वर्षभर फक्त खडकवासल्याचे पाणी येत असेल तर टीडीएस बहुधा २०० च्या आत असतो. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी ५०० ची मर्यादा आहे, तेव्हा तिथे मुळात आरओचीच गरज नाही, यूव्ही पुरते. अशा घराला साधी एएमसी भरपूर झाली. मशीन कंपनीच्या वॉरंटीत असेल तर सध्या आमच्याकडे येऊच नका. बाहेरच्या माणसाने हात लावल्यास वॉरंटी जाऊ शकते.

मधली एएमसी आम्हालाही सोयीची आहे, ती का हे सांगायला हवे. साध्या एएमसीत आमची कमाई पार्ट विकण्यावर, त्यामुळे चांगला फिल्टरही बदलून टाकायचा मोह होतो. संपूर्णमध्ये उलटे. मेम्ब्रेन आमच्या खिशातून, म्हणून ते लांबवायचा मोह. नियमितमध्ये फिल्टर वेळेवर बदलणे आमच्याच फायद्याचे, कारण तक्रार आली की फुकटची फेरी आमच्या अंगावर पडते. शिवाय फेऱ्या आधी ठरलेल्या असतात, त्यामुळे एका भागातली घरे एका दिवशी होतात आणि दारात पैशांवरून घासाघीस होत नाही.

मेम्ब्रेनचे पैसे इथे तुमचे, म्हणजे ते लवकर बदलायचा मोह उरतोच. त्यावर उपाय आकड्यांचा. आमच्या माणसाने तुमच्यासमोर आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस मोजून मशीनवरच्या कार्डावर लिहिलाच पाहिजे. नवे मेम्ब्रेन साधारण ९० टक्के टीडीएस काढते. ४५० चे ४५ व्हावेत. हाच आकडा १२० च्या वर गेला तर बदलायची वेळ झाली. फक्त मोजण्याआधी टीडीएस कंट्रोलर पूर्ण बंद करायला सांगा. तो उघडा असला तर कच्चे पाणी मिसळते आणि चांगले मेम्ब्रेनही खराब दिसते. पाणी कमी येते एवढ्यावरून मेम्ब्रेन बदलू देऊ नका, आधी कॅन्डल बघा. ती तांबूस होऊन चोंदलेली असेल तर दोष तिचाच. टाकी भरल्यावरही वेस्टच्या नळीतून पाणी वाहत राहिले तर बहुधा सोलेनॉइड वाल्व गेला आहे. तेव्हा लगेच फोन करा, नाहीतर दिवसभर पाणी वाया जाईल.

टीडीएस माहीत नसेल तर एएमसी घेण्याआधी आम्ही येऊन मोजून देतो, त्याचे पैसे नाहीत. सोसायटीचे पाणी वर्षाच्या मध्येच बदलले, म्हणजे पालिकेचे बंद होऊन बोअरवेल सुरू झाले, तर उरलेल्या महिन्यांचा फरक भरून एएमसी वाढवता येते. कमी करायची असेल तर मात्र वर्ष संपल्यावर.